दोन अंकांचे साल आणि त्याचे शतक



विषय छोटा आहे, पण लोणारसारख्या गावात तो घराघरांत येऊन बसलेला आहे. जुना कागद हाती येतो. खरेदीखत असते, कोतवाल पंजीची नक्कल असते, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचे पान असते, नाहीतर सावकाराच्या वहीतला उतारा. त्यावर साल लिहिलेले असते ‘सन २४’. किंवा ‘शके ४५’. किंवा नुसतेच ‘५७’. लिहिणाऱ्याला शतक माहीत होते, कारण तो त्या शतकात जगत होता. ते लिहून ठेवावे असे त्याला वाटले नाही. ते आपल्याला शोधायचे आहे.

बहुतेक लोक हा प्रश्न असा सोडवतात : २४ म्हणजे १९२४, कारण १८२४ फार जुने वाटते आणि २०२४ कालपरवाचे. कधी उत्तर बरोबर येते. पण तो अंदाज आहे, आणि त्यात शतकाच्याही आधीचा एक प्रश्न गिळला गेला आहे. हे २४ कोणत्या गणनेतले? शतक ठरवण्याआधी कालगणना ठरवावी लागते. हा क्रम उलटा झाला की पुढचे सगळे गणित शुद्ध करूनही उत्तर चुकते.

लोणारपुरते बोलायचे तर इथे एकाच वेळी चार-पाच गणना चालत होत्या. आपला हा मुलूख आधी निजाम आणि नागपूरकर भोसले यांच्या दोअमलीत होता. १८०३च्या देवगावच्या तहानंतर वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड निजामाकडे गेले. १८५३ साली ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पण आपल्या शिवेपलीकडे मंठा, जिंतूर ही गावे मोगलाईतच राहिली, थेट १९४८पर्यंत. सोयरिकी, शेती, बाजार सगळे दोन्हीकडे. म्हणून लोणारच्या एकाच घरातल्या पेटीत इंग्रजी सनाचा कागद आणि फसली सनाचा कागद शेजारी शेजारी निघतो. त्यात भटजींनी केलेली शकाची नोंद असते आणि मारवाडी दुकानाच्या वहीतला संवतही असतो.

एक दिवस घेऊन बघू. १४ मार्च १९२४. त्या दिवशी मेहकरच्या कचेरीतला कारकून दोन आकड्यांत लिहील ‘२४’. पंचांग पाहून लिहिणारा लिहील ‘शके ४५’, म्हणजे १८४५. सावकाराच्या वहीत असेल ‘संवत ८०’, म्हणजे विक्रम संवत १९८०. आणि मंठ्याकडचा पटवारी लिहील ‘सन ३३’, म्हणजे १३३३ फसली. दिवस एकच आणि आकडे चार : २४, ४५, ८०, ३३. आता उलट विचार करा. हे चारही कागद आपल्यापुढे आले आणि चारही इसवी सनाचे म्हणून वाचले, तर एका दिवसाची छप्पन्न वर्षे होतील.

मग गणना ओळखायची कशी? बहुतेक वेळा महिना सांगतो. ‘मार्च’, ‘जून’ असे महिने असले तर इसवी सन. चैत्र, वैशाख आणि शुद्ध-वद्य असले तर शक किंवा संवत, आणि ‘शके’ किंवा ‘संवत’ हा शब्द सहसा गाळला जात नाही. पेशवाईतल्या कागदावर ‘छ १२ सफर’ असे लिहिलेले दिसते. हा ‘छ’ चंद्राचा, म्हणजे मुसलमानी चांद्रमासाचा दिवस. त्याच्यासोबत येणारे साल बहुधा शुहूर सनाचे असते, आणि ते अंकांत नसून अरबी संख्याशब्दांत असते. निजामाच्या राज्यातल्या शेवटच्या काळातल्या कागदांवर आजूर, दै, बहमन, तीर, अमरदाद, मेहर, आबान असे महिने येतात. हे महिने दिसले की साल फसली समजावे. मग त्याच्यापुढे ‘फसली’ हा शब्द असो वा नसो.

या फसली सनापाशी थोडे थांबतो, कारण आपल्या भागात सर्वांत जास्त नुकसान इथेच होते.

दख्खनी फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्षाच्या पुढच्या भागात, म्हणजे जानेवारी उजाडल्यावर, ५९१ मिळवायचे. हैदराबाद राज्यात शेवटच्या काळात हे वर्ष आजूर महिन्यापासून, साधारण ६ ऑक्टोबरला सुरू होत असे. म्हणून १३५७ फसली म्हणजे ऑक्टोबर १९४७ ते ऑक्टोबर १९४८. हैदराबादची पोलीस कारवाई झाली ती याच वर्षाच्या शेवटी. आता दोन अंकांकडे पाहा. फसलीचे ५७ म्हणजे इसवीचे ४७-४८. फरक नऊ-दहा वर्षांचा. हा फरक फसवा आहे, कारण तो फार मोठा नाही. ‘शके ४५’ला कोणी १९४५ म्हणाले तर एकवीस-बावीस वर्षांचा घोळ होतो आणि घरातले म्हातारे माणूस ‘असे कसे होईल’ म्हणून अडवते. दहा वर्षांच्या चुकीला कोणी अडवत नाही.

समजा, शाळेच्या रजिस्टरात मुलाची जन्मतारीख आहे ‘५ तीर ४८’ आणि दाखल झाल्याचे साल आहे ‘५४’. नक्कल काढणाऱ्याने तीर सोडून दिला आणि जन्म १९४८, दाखला १९५४ असे धरले. वय सहा वर्षे. सगळे जुळते. खरे काय आहे? १३४८ फसलीतला तीर म्हणजे १९३९चा मे महिना, आणि १३५४ फसली म्हणजे १९४४-४५. तिथेही वय पाच-सहा वर्षेच येते. दोन्ही आकडे एकाच गणनेत चुकले की त्यांच्यातले अंतर शाबूत राहते, त्यामुळे वयाची पडताळणी करून ही चूक कधीच सापडत नाही. मी वारंवार सांगतो की एकाच पानावरच्या दोन सालांनी एकमेकांची साक्ष काढू नये.

ती सापडते दोन ठिकाणी. एक म्हणजे महिन्याच्या नावात, ते तर सांगितलेच. दुसरे म्हणजे रजिस्टरच्या पुढच्या पानांत. पोलीस कारवाईनंतर कारभार इसवी सनाकडे वळला. जे रजिस्टर तेव्हा चालू होते त्यात आकडे ५५, ५६, ५७ असे चढत जातात आणि मग एकदम ४९, ५० असे उतरतात. साल मागे जाणे हा कारकुनाचा गोंधळ नसतो, गणना बदलल्याची ती खूण असते. म्हणून एका पानाची नक्कल घेऊन कधी थांबू नये. पुस्तकाचे पहिले पान, आपल्या नोंदीच्या मागची चार-पाच पाने आणि पुढची जिथे वर्ष बदलते ती पाने, एवढे पाहायला मागावे. पहिल्या पानावर पुष्कळदा साल पूर्ण लिहिलेले असते आणि खाली फक्त शेवटचे दोन आकडे चालतात.

याने काय फरक पडतो ते जातीच्या दाखल्याच्या कामात दिसते. अनुसूचित जातीच्या प्रमाणपत्रासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा पुरावा वजनदार मानला जातो. मंठ्याकडून आलेल्या कागदावर ‘सन ५७’ आहे आणि जात लिहिली आहे. १३५७ फसली म्हणून वाचला तर तो १९४७-४८चा, म्हणजे १९५०च्या आधीचा. १९५७ म्हणून वाचला तर नंतरचा, आणि घरातला एकुलता एक पुरावा बाजूला पडतो. कागद तोच आणि शाईही तीच. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यातल्या कुणबी नोंदींचा जो शोध सुरू झाला, त्यात मोडी आणि उर्दू कागदांचे गठ्ठे उघडले गेले. त्या गठ्ठ्यांत सनाचा हा प्रश्न पानोपानी आहे.

गणना ठरली, आता शतकाकडे येऊ.

दोन अंक म्हणजे शंभर वर्षांचे चक्र. २४ नंतर शंभर वर्षांनी पुन्हा २४ येते. हे चक्र स्वतःच्या बळावर शतक सांगू शकत नाही. त्याला दुसरे एखादे चक्र जोडावे लागते, आणि तेही असे की ज्याचा फेरा शंभराशी जुळत नाही. आपल्या जुन्या कागदांवर अशी तीन चक्रे लिहिणाऱ्याने नकळत ठेवलेली असतात : वार, संवत्सराचे नाव आणि तिथी.

वारापासून सुरुवात करू. इंग्रजी पंचांगात शंभर वर्षांचे दिवस होतात ३६,५२४, कारण १८०० आणि १९०० ही लीप वर्षे नव्हती. याला सातने भागले की पाच उरतात. म्हणून तीच तारीख शंभर वर्षांनी पाच वार पुढे, म्हणजेच दोन वार मागे येते. २००० मात्र लीप वर्ष होते. ते मधे आले की दिवस ३६,५२५ होतात आणि वार एकनेच मागे सरकतो. १४ मार्च १८२४ला रविवार होता. १९२४ला शुक्रवार. २०२४ला गुरुवार. तीन शतके, तीन वेगळे वार. कागदावर ‘१४ मार्च, सन २४, वार शुक्रवार’ असे असेल तर बाकी काही न पाहता तो १९२४चा ठरतो.

संवत्सराचे गणित त्याहून सोपे आणि जास्त पक्के. आपल्याकडच्या रीतीने शकात १२ मिळवायचे, ६०ने भागायचे, आणि बाकी राहील तो संवत्सराचा क्रमांक. बाकी शून्य राहिली तर साठावा क्षय. पडताळा घ्यायचा तर शिवराज्याभिषेकाचे शके १५९६ घ्या. त्यात १२ मिळवून १६०८, साठने भागून बाकी ४८, आणि अठ्ठेचाळिसावा संवत्सर आनंद. बखरींत आणि पत्रांत तेच नाव आहे. आता शंभराला साठने भागले की बाकी चाळीस राहते. म्हणून त्याच दोन अंकांचा शक पुढच्या शतकात आला की संवत्सर चाळीस घरे पुढे गेलेला असतो. ‘शके ४६’ घ्या. १७४६ असेल तर अठरावा, तारण. १८४६ असेल तर अठ्ठावन्नावा, रक्ताक्षी. १९४६ असेल तर अडतिसावा, क्रोधी. हे नाव पुन्हा जुळायला तीनशे वर्षे जावी लागतात, आणि तीनशे वर्षांची चूक कोणी कागदाच्या बाबतीत करत नाही. एक पथ्य पाळायचे. नर्मदेच्या उत्तरेकडे संवत्सर वेगळ्या रीतीने मोजतात, म्हणून संवत लिहिणाऱ्या मारवाडी वहीतल्या नावाला हे गणित लावू नये.

तिथी शंभर वर्षांनी त्याच इंग्रजी तारखेला साधारण पाचने मागे जाते. त्यासाठी जुने पंचांग किंवा जंत्री हाताशी हवी, आणि सूर्योदयाची तिथी की त्या वेळेची तिथी या प्रश्नामुळे एका दिवसाचा फरक गृहीत धरावा लागतो. म्हणून शतक ठरवायला मी वार आणि संवत्सर आधी घेतो. तिथी राहते शेवटच्या पडताळ्यासाठी.

एक कागद पूर्ण सोडवून दाखवतो. हा नमुना मी आजच्या व्याख्यानासाठी रचला आहे, पण अशा मजकुराचे कागद आपल्या घरांत असतात. लोणार शिवारातल्या शेताचे खरेदीखत, साध्या कागदावर, मोडीत. शेवटी लिहिले आहे : ‘मिती फाल्गुन शुद्ध पक्ष, शके ४५ रुधिरोद्गारी नाम संवत्सरे, ता. १४ माहे मार्च सन २४, वार शुक्रवार.’

पहिली पायरी अंक नीट वाचण्याची. मोडीत आणि घाईच्या बाळबोधीतही १ आणि ९ यांची गल्लत होते, तशीच ४ आणि ५ यांची. त्याच कागदात त्याच हाताने दुसरीकडे लिहिलेले अंक शोधायचे. सर्व्हे नंबर असतो, रुपये असतात, साक्षीदाराचे वय असते. त्या अंकाशी सालातला अंक ताडून पाहायचा. रुपये मोडीत अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहिलेले असतील तर ती उत्तम किल्ली, कारण ‘पंचेचाळीस’ या शब्दाशेजारी लिहिणाऱ्याने ४५ कसे काढले ते तिथेच दिसते.

दुसरी पायरी संवत्सर. १७४५ मध्ये १२ मिळवून १७५७, साठने भागून बाकी १७, संवत्सर सुभानु. १८४५ मध्ये १२ मिळवून १८५७, बाकी ५७, संवत्सर रुधिरोद्गारी. कागदावर रुधिरोद्गारी आहे. शक १८४५ ठरला.

तिसरी पायरी शकाचा इसवी सन करण्याची, आणि इथे पुष्कळजण घसरतात. शकात ७८ मिळवायचे हे सर्वांना पाठ असते. १८४५ आणि ७८ मिळून १९२३. मग कागदावर इंग्रजी सन २४ कसा? लगेच शंका येते की कागद खोटा आहे. तो खोटा नाही. शक पाडव्याला बदलतो, इंग्रजी साल जानेवारीला. जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवावे लागतात. १९२४चा पाडवा एप्रिलच्या सुरुवातीला आला, म्हणून १४ मार्चला अजून जुनाच शक चालू होता. ४५ आणि २४ यांची जोडी फाल्गुनात अशीच दिसायला हवी. उलट या तारखेला कोणी ‘शके ४६ रक्ताक्षी’ लिहिले असते तर मी कागद पुन्हा उन्हात धरला असता.

चौथी पायरी वार. १९२४चा १४ मार्च शुक्रवार. जुळला.

इथे दोन वेगळी चक्रे एकाच वर्षावर येऊन थांबली. संवत्सर आणि वार हे एकमेकांवर अवलंबून नाहीत. एक लिहिताना चूक झाली तरी दुसरे ती उघडी पाडते. बनावट कागद करणारा माणूस शाई जुनी दिसेल असे पाहतो, कागद चहात बुडवतो, पण शंभर वर्षांपूर्वीचा वार मोजत बसण्याचा त्याला कंटाळा असतो. मात्र एक वार चुकला म्हणून कागद खोटा ठरवण्याची घाईही नको. रात्री केलेला व्यवहार, दुसऱ्या दिवशी लिहिलेला कागद, यांनी वार एकाने सरकतो. दोन-तीन वारांचा फरक पडला आणि संवत्सरही जुळत नसेल, तर मग अंक चुकीचा वाचला गेला आहे, गणना चुकली आहे, किंवा कागदातच खोट आहे. तपासायचे याच क्रमाने.

आता असा कागद घ्या ज्यावर वार नाही, संवत्सर नाही, नुसते ‘सन २४’ आहे. तेव्हा चक्रे कामाला येत नाहीत, हद्दी पाहाव्या लागतात. कागदावरची अमुक एक गोष्ट अमुक सालाआधी नव्हतीच, किंवा अमुक सालानंतर उरली नाही, अशा खुणा. वऱ्हाडच्या कागदावर मथळ्यात राज्याचे नाव असते तेच पुरते. १८५३ ते १९०३ इंग्रज याला हैदराबादचे अमानती जिल्हे म्हणत. १९०३मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताला जोडले गेले. १९५०मध्ये मध्य प्रदेश, नोव्हेंबर १९५६ला मुंबई राज्य, १ मे १९६०ला महाराष्ट्र. ‘मध्यप्रांत व वऱ्हाड’ छापलेल्या फॉर्मवरचे २४ हे १९२४च असणार, कारण त्या नावाच्या आयुष्यात २४ एकदाच आले. मुद्रांकावरचा राजा किंवा राणी, पोस्टकार्डाची किंमत, ही अशीच साक्ष. हिंदुस्थानात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ला सुरू झाले, तेव्हा त्याच्या शिक्क्यावरचे २४ कधीही १८२४ असू शकत नाही. ‘नये पैसे’ लिहिलेली पावती १९५७च्या आधीची असू शकत नाही आणि १९६४नंतरची असण्याचा संभव फार कमी. जिल्ह्याचे नावही पाहावे. मंठ्यापुढे ‘जि. जालना’ असेल तर कागद १९८१नंतरचा आहे, कारण जालना जिल्हाच तेव्हा झाला.

या हद्दींची मर्यादाही सांगायला हवी. छापील फॉर्म आणि मुद्रांक कचेरीत पडून राहत आणि पुढे वापरले जात. म्हणून खालची हद्द, म्हणजे ‘याआधीचा नाही’, ही पक्की धरावी. वरची हद्द, म्हणजे ‘यानंतरचा नाही’, ही चार-दोन वर्षे सैल धरावी.

पेशवाईतल्या शुहूर सनाबद्दल थोडे बोलायलाच हवे, कारण ज्यांच्या घरी वतनाचे कागद आहेत त्यांना तो भेटतो. हा सन मृगापासून सुरू होतो आणि अरबी शब्दांत लिहितात, एकं आधी, दहं नंतर, मग शेकडा आणि हजार. पानिपतची लढाई झाली १४ जानेवारी १७६१ला. त्या दिवसाचे शुहूर साल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. लिहिणारा घाईत असला की ‘मया व अलफ’ गाळतो आणि नुसते ‘सन इहिदे सितैन’ राहते. म्हणजे एकसष्ट. हेही दोन अंकांचेच साल, फक्त शब्दांत.

शुहूर सनात जानेवारी ते मे या महिन्यांत ६०० मिळवायचे असतात. त्यामुळे या पाच महिन्यांत शुहूरचे शेवटचे दोन अंक आणि इसवी सनाचे शेवटचे दोन अंक एकच असतात. पानिपतच्या दिवशी दोन्हीकडे ६१. वाचणाऱ्याने गणना न ओळखता ‘१७६१’ म्हटले तरी उत्तर बरोबर येते, आणि त्याला वाटते आपली रीत बरोबर आहे. पुढचा कागद त्याच वर्षीच्या दिवाळीचा येतो. मृग उलटून गेलेला असतो, शुहूर साल ‘इसन्ने सितैन’, बासष्ट झालेले असते. तोच माणूस आता १७६२ लिहितो आणि कागद एक वर्ष पुढे जातो. मृगापासून डिसेंबरपर्यंत मिळवायचे असतात ५९९. पानिपतनंतरचे ते वर्ष मराठी इतिहासात फार घाईचे आहे. जून १७६१मध्ये नानासाहेब पेशवे वारले आणि त्यानंतर माधवराव गादीवर आले. कारभार कोणाच्या नावाने चालला होता हे एका वर्षाच्या चुकीने बदलते.

इथे शतकासाठी एक चांगली खूण मिळते. शुहूरचे १२०० साल १७९९च्या मृगाला लागले. त्यानंतर शेकड्याचा शब्द ‘मया’ राहत नाही, ‘मयातैन’ होतो. तो शब्द गाळलेला असेल तर मात्र चंद्रही शतक सांगत नाही. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून सफर महिना काही वर्षांत उन्हाळ्यातून पावसाळ्यात आणि तिथून थंडीत फिरतो. पण शंभर वर्षांत हे फेरे जवळजवळ बरोबर तीन होतात, म्हणून कागदात पेरणीचा, राशीचा किंवा दसऱ्याचा उल्लेख असला तरी सफर दोन्ही शतकांत जवळपास त्याच ऋतूत येतो. 

अलीकडे हे सगळे कागद संगणकावर चढवले जात आहेत, आणि तिथे शतक ठरवण्याचे काम माणसाच्या हातून नकळत निसटते. एक्सेलच्या रकान्यात 14/3/24 टाकले की तो आपोआप २०२४ धरतो. त्याचा नेहमीचा नियम असा की ०० ते २९ आले की २००० पासून मोजायचे आणि ३० ते ९९ आले की १९०० पासून. त्याच रजिस्टरातली २४ सालची नोंद २०२४ची होते आणि ४४ सालची नोंद १९४४ची, म्हणजे बापलेक एकमेकांपासून ऐंशी वर्षे लांब जातात. मुलगा बापाच्या आधी जन्मला असे दिसले तर निदान कोणी थांबेल. पण फक्त वीस ते एकोणतीस या सालांच्या नोंदी असलेले पुस्तक असले तर सगळ्याच एका पावलाने शंभर वर्षे पुढे जातात आणि यादी ठाकठीक दिसते. १९००च्या आधीची तारीख तर एक्सेल तारीख म्हणून मानतच नाही. म्हणून जुन्या नोंदी चढवताना सालाचा रकाना तारखेचा न करता साध्या मजकुराचा करावा, कागदावर जे दोन अंक आहेत ते तसेच ठेवावेत, आणि आपण ठरवलेले पूर्ण साल शेजारच्या वेगळ्या रकान्यात लिहावे. गणनेसाठी तिसरा रकाना : इसवी, शक, फसली, शुहूर, संवत.

हीच गोष्ट हाताने केलेल्या नकलेला लागू आहे, आणि माझ्या मते जास्तच लागू आहे. मूळ कागदावर ‘२४’ असते. नक्कल करणारा सद्भावनेने ‘१९२४’ लिहितो. त्या नकलेची पुढे नक्कल होते, ती वकिलाकडे जाते, समितीपुढे जाते, आणि तिथपर्यंत ते ‘१९’ कोणाचे आहे हे कोणालाच माहीत नसते. वाचणाऱ्याचा तर्क मूळ लेखकाचे विधान होऊन बसतो. इतिहासाच्या साधनांचे संपादक जुन्या काळापासून एक रीत पाळतात : मुळात नसलेले जे काही आपण भरले ते चौकटी कंसात ठेवायचे. सन [१९]२४. कंसाबाहेरचे कागदाचे, कंसातले आपले. आणि खाली एक ओळ लिहायची की हे [१९] कशावरून धरले. ‘वार शुक्रवार व रुधिरोद्गारी संवत्सर यांवरून’, किंवा ‘छापील मथळ्यावरून’, किंवा प्रामाणिकपणे ‘अंदाजाने’. उद्या कोणाला ‘१८२४’ म्हणायचे असेल तर त्याला त्या शुक्रवाराला उत्तर द्यावे लागेल.

लोणारच्या बाबतीत हे करण्यासारखे काम पडून आहे. १८२३ साली अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने इथल्या विवराची नोंद केली. तेव्हापासूनची इंग्रजी टिपणे छापील आहेत आणि त्यांवर साल चार अंकी आहे. सरोवरातून निघणारा खार, दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी या नावांनी विकला जात होता, आणि तो काढणाऱ्या, वाहणाऱ्या, विकणाऱ्या माणसांचे कागद मराठीत, मोडीत, उर्दूत आहेत. ते आपल्या घरांत आहेत आणि त्यांवर साल दोन अंकी आहे. ज्यांच्याकडे असे कागद असतील त्यांनी आधी कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढावा, मागची कोरी बाजूसुद्धा, कारण मुद्रांक विक्रेत्याची नोंद आणि तारीख पुष्कळदा मागे असते. मग संवत्सराचे नाव शोधावे. मोडी वाचता येत नसेल तरी ‘नाम संवत्सरे’ ही अक्षरे कुठे येतात ते जाणकाराकडून एकदा दाखवून घेतले की पुढच्या कागदावर आपले आपल्याला सापडतात. त्यांच्या अलीकडे साल असते आणि त्या दोहोंच्या मधे संवत्सराचे नाव.